दहावीचं वर्ष: ट्युशन ठेवायची की सोडायची, खेळ चालू की बंद?

विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटी आणि बोर्डाचा लेखी पेपर लागतो फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात. मधली दिवाळी काढली तर हातात जेमतेम सात महिने उरतात. एवढ्यातच सोयाबीनची सोंगणी येते, कापसाची वेचणी येते, तूर येते. घरातलं पहिलंच लेकरू दहावीत असलं की आईबाप जुलैतच शाळेत येऊन विचारतात, यंदा काय काय बंद करायचं? तालुक्याच्या शाळेत गणित शिकवताना जे प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतात, तेच खाली घेतले आहेत.

"सर, एक वर्ष दम धर म्हणतो मी त्याले. खेळ कायले पायजे आता?"

खेळ बंद करू नका. पण "खेळ" या एका नावाखाली तुमच्या घरी तीन वेगवेगळ्या गोष्टी चालतात, त्या आधी वेगळ्या करा. पहिली म्हणजे रोज संध्याकाळी तास-पाऊण तास मैदानावर जाणं. दुसरी म्हणजे शाळेच्या संघातून खेळणं: तालुका, जिल्हा, जमलं तर विभाग. तिसरी म्हणजे हिवाळ्यात गावोगावी होणारे रात्रीचे कबड्डीचे सामने आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा, जिथे बक्षिसाची रक्कम असते आणि पोरगं रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या गाडीवर बसून घरी येतं.

बंद करायची ती तिसरी, आणि तीही दिवाळीपासून पक्की. एक तर त्या रात्रीची झोप जाते आणि पुढचा अख्खा दिवस फुकट जातो. दुसरं म्हणजे कबड्डीत चढाई रोखताना बोटं आणि मनगट आधी सापडतात. डिसेंबरात उजव्या हाताचं बोट मोडलं तर पेपरापर्यंत ते जुळेलही, पण मधले लिहिण्याच्या सरावाचे आठवडे परत येत नाहीत. नववीपर्यंत हे चालून जातं. दहावीच्या जानेवारीत चालत नाही.

पहिली गोष्ट, म्हणजे रोजचं मैदान, शेवटच्या पेपरापर्यंत ठेवायचं. या वयाच्या मुलांना दिवसातून तासभर अंग हलवायला हवं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आपल्याकडचा अनुभव त्याहून साधा आहे. मैदान बंद केलेलं पोरगं त्या वेळात पुस्तक घेऊन बसत नाही, मोबाइल घेऊन बसतं. खेळाचा तास वाचवला म्हणून अभ्यासाचा तास वाढला, असं घर मला क्वचितच दिसलं.

शाळेच्या संघाचं मात्र जरा नीट बोलावं लागेल, ते पुढे येतंच.

"मग वेळ कुठून काढायचा? दिवस तर चोवीसच तासांचा आहे."

इथूनच खरं काम सुरू होतं. काही बंद करायच्या आधी एक कागद घ्या आणि लेकरू सोमवार ते रविवार खरोखर काय करतं ते वेळेसकट लिहा. काय करायला पाहिजे ते लिहू नका, जे होतं ते लिहा. बसची वाट पाहणंसुद्धा लिहा. कागद भरताना लेकराला जवळ बसवा, कारण निम्म्या गोष्टी तुम्हाला माहीतच नसतात.

एक उदाहरण घेऊ. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहणारी, शाळेसाठी तालुक्याला येणारी दहावीची मुलगी. खो-खो चांगला खेळायची, तो जुलैत बंद केला. त्याऐवजी दोन ट्युशन लावल्या: सकाळी सर्व विषयांची, संध्याकाळी गणिताची. तिचा दिवस असा:

पहाटे पाचला उठायचं, सहाची बस. सात ते नऊ ट्युशन. शाळा अकराला भरते, म्हणून नऊ ते अकरा मैत्रिणीच्या घरी नाहीतर बसस्टँडवर. अकरा ते पाच शाळा. सव्वापाच ते पावणेसात गणित. सव्वासातची बस, घरी पोहोचायला आठ. जेवणखाण, भांडी. नऊ ते साडेदहा अभ्यास. अंथरुणाला पाठ टेकायला अकरा.

आता या कागदावर तीन बेरजा करा. पहिली झोपेची: सहा तास. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास लागतात, म्हणजे इथे रोजची दोन तासांची उधारी आहे. दुसरी, कोणीतरी शिकवत असताना ऐकण्याची: शाळा आणि ट्युशन धरून साडेनऊ तास. तिसरी, स्वतः पेन हातात घेऊन सोडवण्याची: दीड तास. तोही दिवसाच्या शेवटी, डोळे मिटत असताना, आणि त्यातला निम्मा ट्युशनच्या वहीतलं उतरवण्यात.

परीक्षेत मात्र गुण मिळतात ते तिसऱ्या बेरजेचे. बीजगणित आणि भूमिती, प्रत्येकी ४० गुणांचा आणि दोन तासांचा पेपर. तिथे ऐकलेलं कामाला येत नाही, हाताला वळण लागलेलं येतं.

त्या मुलीचं घड्याळ असं बदललं. सकाळची सर्व विषयांची ट्युशन सोडली. गणिताची ठेवली, पण रोजऐवजी सोमवार, बुधवार, शुक्रवार. मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर तासभर खो-खो, शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून दुपारी. उठायचं साडेपाचला, सहा ते साडेआठ घरीच स्वतःचा अभ्यास, मग पावणेदहाची बस. रात्री पाऊण तास फक्त वाचन, पावणेदहाला दिवा बंद. स्वतः पेन हातात घेण्याचा वेळ आठवड्याला नऊ तासांवरून बाराच्या वर गेला, रात्रीचं वाचन वेगळं. तोही ताज्या डोक्याचा, पहाटेचा. झोप पावणेआठ तासांवर आली. खेळ परत आला तो सकाळच्या ट्युशनच्या जागेवर नव्हे, रोजच्या गणिताच्या तासातून सुटलेल्या दोन संध्याकाळी.

तुमच्या गावची बस वेगळी असेल, शाळा सकाळची असेल. बेरजा त्याच करा. तिसरी बेरीज रोज दोन तासांच्या खाली असेल तर काहीतरी कमी करायलाच हवं, आणि बहुतेक घरांत ते खेळ नसतं.

"म्हणजे ट्युशन बंद करा म्हणता? सगळेच तर लावतात."

सगळे लावतात हे कारण होऊ शकत नाही. कारण एकच: अमुक विषयात लेकरू अडतं आणि शाळेतल्या सरांना विचारूनही सुटत नाही. आपल्याकडे असे विषय सहसा दोनच निघतात, गणित आणि इंग्रजी. कधी विज्ञान, तेही पहिला भाग, कारण त्यात गणितं असतात. मराठी, हिंदी, इतिहास, भूगोल यांना ट्युशन म्हणजे बसभाडं. हे मी जरा कठोरपणे बोलतोय, पण सर्व विषयांच्या वर्गात साठ पोरांना इतिहासाच्या नोट्स सांगून लिहून घेतात, हे मी बघितलेलं आहे. तेच पाठ्यपुस्तकात आहे, आणि पाठ्यपुस्तक ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवूनही घेता येतं.

चालू ट्युशनचा उपयोग होतोय का, हे तपासायला तुम्ही शिकलेलेच असायला पाहिजे असं नाही. महिन्यातून एकदा रविवारी एवढं करा. ट्युशनच्या वहीतलं, बरोबरची खूण असलेलं एक उदाहरण निवडा. त्यातले आकडे बदला. वही मिटून ठेवा, कोरा कागद द्या आणि गप्प बसा.

वर्गसमीकरणाचं बघा. वहीत हे आहे:

x² − 9x + 20 = 0

पोरगं झटकन सांगेल, ४ आणि ५. आता शेवटची संख्या आणि तिचं चिन्ह बदलून द्या:

x² − 9x − 22 = 0

ज्याला रीत कळली आहे तो थोडा थांबेल, गुणाकार उणे बावीस आणि बेरीज उणे नऊ अशी जोडी शोधेल, उणे ११ आणि २ काढेल आणि उत्तर लिहील: x = 11 किंवा x = −2. ज्याने नुसतं उतरवलंय तो दोन्ही उत्तरं धन लिहील, नाहीतर "असं सरांनी घेतलंच नाही" म्हणेल. हे वाक्य कानावर पडलं की समजा, ट्युशनमध्ये उदाहरणं पाठ होताहेत. उत्तर बरोबर आलं का, हे तुम्हाला कळत नसलं तरी हरकत नाही. x च्या जागी ती संख्या घालून बेरीज शून्य येते का, ते लेकरालाच करून दाखवायला सांगा. जमलं की चेहऱ्यावरच कळतं.

लागोपाठ दोन महिने हे जमत नसेल तर ट्युशनवाल्या सरांना भेटा. एकच मागणी करा: शिकवणं थोडं कमी करा, पण आठवड्याला एक पेपर सोडवून घ्या आणि तपासून द्या. तयार झाले तर उत्तम. नाही झाले तर सोडा.

"वर्षाची फी एकदम भरली आहे हो सर."

माहीत आहे. ती फी बहुतेक परत मिळणार नाही, हे धरून चला. पण भरलेल्या पैशासाठी लेकराचे रोजचे तीन तास आणखी घालायचे का, हा हिशोब वेगळा आहे. शक्य असेल तर मधला मार्ग काढा: तीच फी, पण तीनच दिवस यायचं. खेड्यावरून येणाऱ्या पोरांसाठी बरेच सर हे ऐकतात, कारण त्यांनाही बसची तऱ्हा माहीत असते.

मुलींचं एक ध्यानात ठेवा. ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, आणि मानव विकासच्या निळ्या बसेस शाळेच्या वेळेला धरून चालतात. सकाळची किंवा रात्रीची ट्युशन त्या वेळेत बसत नाही. मग साध्या गाडीची नाहीतर कोणाच्या तरी ऑटोची वाट बघावी लागते. ट्युशन निवडताना आधी बसचं वेळापत्रक, मग सरांचं नाव.

"ट्युशन कधीपर्यंत चालू ठेवायची?"

माझं मत स्पष्ट आहे: डिसेंबरच्या शेवटापर्यंत. तोपर्यंत शाळेतही अभ्यासक्रम संपत येतो. जानेवारीत सराव परीक्षा असते, त्यानंतर तोंडी, प्रात्यक्षिक, मग लेखी. या दिवसांत नवीन काही शिकायचं नसतं, जे शिकलं ते वेळेत कागदावर उतरवायचं असतं. जानेवारीत ट्युशनला गेलाच तर फक्त अडलेलं विचारायला आणि तपासलेले पेपर घ्यायला. "शेवटच्या महिन्याची खास बॅच" आणि "हमखास येणारे प्रश्न" यांच्या जाहिराती तेव्हाच झळकतात. त्यांना बळी पडू नका.

आणि ट्युशनसाठी शाळा बुडवू देऊ नका. वर्षभर ७५ टक्के हजेरी लागते. शिवाय भाषा, गणित, सामाजिक शास्त्र, सगळीकडे २० गुण शाळेच्या हातात आहेत, विज्ञानात ते प्रात्यक्षिकाचे. स्वाध्याय, वह्या, प्रयोगवही वेळेवर दिली तर हे गुण सहसा कुठे जात नाहीत. शंभरातल्या वीस गुणांसाठी ट्युशनवाले सर काहीच करू शकत नाहीत.

"पोरगी जिल्ह्याला खेळायला निवडली गेली. पाठवू का?"

पाठवा. शालेय स्पर्धांचं वेळापत्रक साधारण असं असतं: तालुका ऑगस्टच्या सुमारास, जिल्हा सप्टेंबर-ऑक्टोबर, विभाग दिवाळीच्या आगेमागे, राज्य त्यानंतर. जिल्ह्यापर्यंत एकदोन दिवसच जातात. विभागाला किंवा राज्याला निवड झाली तर जास्त दिवस जातील, पण तेवढी मजल मारणारं लेकरू बुडालेला अभ्यास भरून काढतं. काढायला लावायचा, हे मात्र तुम्ही आणि वर्गशिक्षकांनी बघायचं.

याला गुणांचीही बाजू आहे. मान्यताप्राप्त स्पर्धांत ठरावीक पातळीची कामगिरी केलेल्या दहावी-बारावीच्या खेळाडूंना बोर्ड सवलतीचे वाढीव गुण देतं. स्पर्धा जितक्या वरच्या पातळीची, तितके गुण जास्त. कमाल २५, आणि ते आंतरराष्ट्रीय कामगिरीला. जिल्ह्याच्या खेळाडूने थोड्याच गुणांची आशा ठेवावी.

हे गुण आपोआप मिळत नाहीत. प्रस्ताव शाळेने करायचा असतो. तो जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून तपासून नागपूर किंवा अमरावती विभागीय मंडळाकडे जातो. इथेच घोळ होतो. प्रमाणपत्रावर नाव आधारपेक्षा वेगळं, आडनाव चुकलेलं, जन्मतारीख नाही, किंवा शाळेच्या हाती प्रमाणपत्र मुदत संपल्यावर पडलं. म्हणून प्रमाणपत्र मिळाल्याच्या दिवशीच नाव, जन्मतारीख, खेळ आणि स्पर्धेची पातळी वाचा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून मागा. दोन झेरॉक्स काढा, एक क्रीडा शिक्षकांना द्या, आणि यंदाच्या मुदतीची तारीख त्यांच्याकडून लिहून घ्या. नियमही त्यांच्याकडूनच यंदाच्या परिपत्रकावरून समजून घ्या, गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या पोराला काय मिळालं यावर विसंबू नका. गावातल्या मंडळाने दिलेली ढाल कितीही मोठी असली तरी तिचा इथे उपयोग नाही.

पोलिस भरतीची तयारी म्हणून पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरंही पुष्कळ आहेत. दहावीच्या वयात भरतीचं अंतर आणि वेळ गाठायची घाई नको. सोळाशे मीटर पुढेही धावता येईल. हलकं धावू द्या, पण पहाटेचा अभ्यासाचा वेळ खाऊन नको, संध्याकाळी.

"खेळ नाही, पण वावरात तर यावंच लागते ना."

हे कोणी शाळेत येऊन विचारत नाही, म्हणून मीच लिहितो. खेळ बंद केलेली कितीतरी पोरं ऑक्टोबर ते जानेवारी दर रविवारी वेचणीला असतात. मजूर मिळत नाही, कापूस फुटला की थांबत नाही, हे मलाही दिसतं. कोणालाही वावरात नेऊच नका असं सांगणं म्हणजे हवेत बोलणं. पण दिवसभर पराटीत वाकून ओटीत कापूस भरलेल्या पोराची पाठ आणि बोटं संध्याकाळी लिहायच्या कामाची राहत नाहीत, आणि त्याला खेळून आल्यासारखं मोकळंही वाटत नाही.

मार्ग असा काढता येतो. रविवारची सकाळ, आठ ते अकरा, पेपरासाठी राखून ठेवा. भाषेचा असेल तर पूर्ण तीन तास, गणित-विज्ञानाचा असेल तर दोन. घड्याळ समोर, मोबाइल दुसऱ्या खोलीत. त्यानंतर वावरात न्यायचं असेल तर न्या. डिसेंबरपासून तेही एक रविवार आड करा. गणिताचा पेपर दोन तासांत संपत नसेल, शेवटचे प्रश्न दर वेळी कोरे राहत असतील, तर उरलेले आठवडे याच कामाला लागतील. दुसरी वेचणी तेव्हा तुम्ही आणि मजुरांनी उरकावी लागेल.

"पेपर सुरू झाल्यावर तरी खेळ बंद ना?"

अंगाला अंग लागणारा खेळ जानेवारीपासूनच नको: कबड्डी, कुस्ती, फुटबॉल. चालणं, हलकं धावणं, बॅडमिंटन, दोरीवरच्या उड्या चालू ठेवा. पेपरांच्या मध्ये एखाद-दोन दिवस मोकळे असले तर पोरं दिवसभर खोलीत कोंडून घेतात, आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दुपारची झोप लागते ती चारपर्यंत. त्यापेक्षा सकाळी सातच्या आत अर्धा तास बाहेर जाऊन येऊ द्या. पेपरच्या दिवशी सकाळी मात्र काही नको. केंद्र दुसऱ्या गावाला असेल तर बस चुकायची भीती आधीच असते.

"बारावीलाही हेच लागू का?"

कला आणि वाणिज्यला जवळपास हेच. विज्ञान शाखेत हिशोब बदलतो, कारण तिथे बहुतेकांची ट्युशन बोर्डासाठी नसते, नीट किंवा सीईटीसाठी असते, आणि त्या परीक्षा बोर्डानंतर एप्रिल-मेच्या सुमारास येतात. सीईटीच्या पेपरात साधारण २० टक्के भार अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो. म्हणून ज्याला सीईटी द्यायची आहे त्याने डिसेंबरात ट्युशन सोडायची नाही. बोर्डाच्या पेपरांपुरती थांबवून शेवटच्या पेपरानंतर पुन्हा सुरू करायची. ज्याने सीईटीचा फॉर्म भरलेलाच नाही आणि तरी सीईटीच्या वर्गाला जातोय, त्याची फी आणि बसभाडं तुम्ही उगाच भरताय.